आरडी म्हणजे पेन्शन नव्हे: गल्ल्यावर बसून दुकानदाराला हिशोब कसा समजावायचा

पोस्टाचं आरडीचं पासबुक गल्ल्याखालच्या खणात ठेवून "ताई, हाई मनी पेन्शन शे" असं म्हणणारे दुकानदार खान्देशात गावोगाव भेटतात. महिन्याला पाचशे, हजार, फार तर दोन हजार भरतात आणि हप्ता सहसा चुकवत नाहीत. माणूस शिस्तीचा, हेतू चांगला, समजूत मात्र चुकीची. ती दुरुस्त करायला कुणी बसत नाही, कारण त्यात कुणाची कमाई नाही. मी स्वतः महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे. आरडीच्या वसुलीवर ४ टक्के कमिशन मिळतं, म्हणजे हजाराच्या हप्त्यामागे ४० रुपये. तेव्हा आरडी बंद करा असं सांगायला मी बसलेली नाही, आणि तसं सांगायचं कारणही नाही. आरडी पाच वर्षांसाठी उत्तम आहे. ती म्हातारपणभर पुरत नाही, एवढंच समोरच्याला त्याच्याच आकड्यांत दाखवायचं आहे.

माझ्यासारख्या एजंट बायका, बँकमित्र, किंवा वडिलांचं दुकान असलेली कॉलेजातली मुलं-मुली यांना हे कसं सांगायचं ते उपयोगी पडावं म्हणून अमळनेर तालुक्यातल्या एका किराणावाल्या भाऊंशी झालेली बोलणी समोर ठेवून लिहिते. भाऊंचं वय ३८, वहिनींचं ३४. आरडी महिन्याला १,००० रुपये.

आधी वेळ आणि कागद

सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर दुकानदाराशी पैशाचं बोलू नये. एक डोळा गिऱ्हाइकावर असतो आणि तो प्रत्येक गोष्टीला "हो हो" म्हणतो. जेवणानंतर दोन ते चारच्या मधली वेळ बरी, गल्ली सुस्त असते. शक्यतो वहिनीही बसलेल्या असाव्यात. पेन्शनचा निम्मा प्रश्न नवऱ्यामागे बायकोला काय मिळणार हा असतो, आणि तो प्रश्न नवरा विचारत नाही.

कागद तीन लागतात: आरडीचं पासबुक, आधार कार्डावरची जन्मतारीख, आणि बचत खात्याचं पासबुक. तिसरा कागद बऱ्याच जणांकडे धड नसतो, कारण दुकानाचा सगळा व्यवहार चालू खात्यातून होतो. ते पुढे आडवं येतं, म्हणून आधीच बघून ठेवा.

योजनांची माहितीपत्रकं सोबत नेऊ नका. पत्रक दिसलं की समोरच्याला वाटतं, आपल्याला काहीतरी विकायला आलेत. वहीचं एक कोरं पान आणि त्यांचंच कॅल्क्युलेटर पुरे.

पहिला आकडा पासबुकातला

पोस्टाची आरडी ५ वर्षांची, म्हणजे ६० हप्त्यांची. हे लिहिताना व्याज ६.७ टक्के आहे, चक्रवाढ दर तिमाहीला. नव्या खात्यांचा दर सरकार तिमाहीला ठरवतं, पण एकदा उघडलेल्या खात्याचा दर मुदतभर तोच राहतो. महिन्याला १,००० भरले की मुदतीला ७१,३६६ रुपये हातात येतात. भरलेले ६०,०००, व्याज ११,३६६. इथपर्यंत भाऊंना सगळं पाठ होतं, त्यांनी आकडा माझ्याआधी सांगितला.

आता त्यांनाच विचारायचं: साठीनंतर घरात महिन्याला किमान किती लागतील? पाच हजार म्हणाले, तर ७१,३६६ भागिले ५,००० करायला सांगा. सव्वाचौदा येतात. सव्वाचौदा महिने. हा भागाकार तुम्ही करू नका, त्यांच्याच बोटांनी कॅल्क्युलेटरवर होऊ द्या. भाऊ दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, "मंग काय खावानं?" पुढचं सगळं बोलणं या प्रश्नावर उभं राहतं. तो त्यांच्या तोंडून आला पाहिजे, आपण विचारला तर उपदेश वाटतो.

लगेच दुसरी बाजू येते: "मुद्दल नाही खाणार, नुसतं व्याज खाईन." बरोबर विचार आहे, तोही करून बघायचा. ७१,३६६ वर वर्षाला ६.७ टक्के म्हणजे सुमारे ४,७८० रुपये, महिन्याला ४०० च्या आत. पाच वर्षांचा सगळा घाम, आणि महिन्याला चहा-साखरेचा खर्च निघेल एवढं.

साठीपर्यंत आरडीच चालू ठेवली तर?

हुशार दुकानदार इथे अडवतो, आणि त्याने अडवावंच. "पाच वर्षांचंच का धरता? मी साठीपर्यंत भरत राहीन." रास्त आहे. भाऊंना साठी गाठायला २२ वर्षं आहेत. प्रत्येक आरडी संपली की आलेले सगळे पैसे त्याच दराने पुन्हा ठेवले, नवी आरडी सुरू ठेवली आणि मधे एक रुपयाही काढला नाही, तर ६.७ टक्क्यांनी साठीला साधारण ६ लाख जमतात. आकडा वाईट नाही, तसं मोकळेपणाने म्हणा.

मग विचारा, याआधीच्या आरडीचं काय झालं? भाऊंची आधीची आरडी दिवाळीचा माल भरण्यात गेली, त्याआधीची बहिणीच्या लग्नात. चूक काहीच नाही, आरडी त्यासाठीच असते. दर पाच वर्षांनी पैसा हातात येतो आणि त्याच वेळी दुकान त्याची वाट बघत असतं. शिवाय आरडी मधेही उघडी असते: १२ हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, ३ वर्षांनी खातं मोडता येतं, तेव्हा व्याज फक्त बचत खात्याच्या दराने. मोडता येणं हा आरडीचा गुण आहे, पण पेन्शनसाठी नेमका तोच नडतो.

तरी समजा भाऊंनी कमाल केली आणि ६ लाख साठीपर्यंत शाबूत ठेवले. त्यातून महिन्याला ५,००० काढायचे आणि उरलेल्यावर ६ टक्के व्याज मिळतंय असं धरलं, तर पैसे सव्वापंधरा वर्षं पुरतात. वय ७५ आणि वर काही महिने. त्यानंतर खातं शून्य. भाऊंची आई आज ७३ वर्षांची आहे आणि पहाटे उठून कळण्याच्या भाकरी थापते. "आईचे पैसे दोन वर्षांत संपणार असते, तर आज काय केलं असतं?" यावर उत्तर वहिनींनी दिलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"मरेपर्यंत" या शब्दाची किंमत

आरडीत तुमचे पैसे तुम्हालाच परत मिळतात, वर व्याज. तिला तुमच्या वयाशी काही देणंघेणं नाही, तिला फक्त तारीख कळते. पेन्शनमध्ये समोरचा तुम्हाला लिहून देतो की तू ७० ला गेलास तरी आणि ९५ पर्यंत जगलास तरी, दर महिन्याला इतके रुपये देणार. किती वर्षं द्यायचे ते त्यालाही माहीत नाही. ही जोखीम कुणीतरी अंगावर घ्यावी लागते. आरडीत ती कुणीच घेत नाही, म्हणून ती तुमच्याच डोक्यावर राहते.

ही जोखीम उचलता कशी येते, ते दहा दुकानदारांच्या उदाहरणाने नीट कळतं. समजा दहा जण साठीचे आहेत, प्रत्येकाला वर्षाला ६०,००० हवेत. पाच जण ७० ला जाणार, पाच जण ९० ला, पण कोण कधी ते ठाऊक नाही. व्याज बाजूला ठेवू. प्रत्येकाने एकट्याने सोय करायची तर सगळ्यांनाच ९० पर्यंतची तयारी हवी: ३० वर्षं गुणिले ६०,०००, म्हणजे प्रत्येकी १८ लाख. सगळ्यांनी एकाच पेटीत पैसे टाकले तर सरासरी २० वर्षं पुरेल एवढंच लागतं, प्रत्येकी १२ लाख. जे लवकर गेले त्यांचं उरलेलं, जे जास्त जगले त्यांना मिळालं. विमा कंपनीची अ‍ॅन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन आयुष्यभर ठरलेली रक्कम देण्याचा करार, या तत्त्वावर चालतो. फरक एवढाच की पेटीत दहा नाही, लाखो माणसं असतात, आणि पेटी कोरडी पडू नये यासाठी कंपनीवर विमा नियामकाचे नियम असतात.

हे ऐकलं की दुकानदार हमखास म्हणतो, "म्हणजे मी लवकर गेलो तर माझे पैसे दुसऱ्याला?" हो, त्या प्रकारात असंच आहे. दुसरा प्रकारही मिळतो: आयुष्यभर पेन्शन आणि मृत्यूनंतर मूळ रक्कम वारसाला परत. आपल्याकडे बहुतेक सगळे तोच घेतात. घ्यावा, पण त्यात दरमहा मिळणारी रक्कम बरीच कमी होते हे माहीत असू द्यावं. मुद्दल परत द्यायचं म्हटल्यावर पेटीतली वाटणी उरत नाही, कंपनी जवळपास व्याजच देत राहते, फक्त तो दर आयुष्यभरासाठी बांधलेला असतो. मूलबाळ नसलेल्या, किंवा मुलांची घडी नीट बसलेल्या जोडप्याने मुद्दल परत न मिळणारा प्रकार जरूर विचारात घ्यावा असं माझं मत आहे. गावात हे बोललं की लोक वळून बघतात, पण हिशोब तसाच आहे.

हजार रुपयांच्या पेन्शनमागे किती लागतात

इथे एक सरकारी आकडा फार कामाचा आहे. अटल पेन्शन योजनेत १,००० रुपयांची पेन्शन घेणारा आणि त्याचा जोडीदार दोघंही गेल्यावर वारसाला १.७ लाख रुपये परत मिळतात, ५,००० च्या पेन्शनमागे ८.५ लाख. म्हणजे महिन्याच्या हजार रुपयांमागे १.७ लाखांचं मुद्दल लागतं, असं त्या योजनेचंच गणित सांगतं. पुढे साठीला स्वतः अ‍ॅन्युइटी विकत घ्यायची असेल, तर दर थोडा कमी धरून मी हजाराला २ लाख असा ठोकताळा ठेवते. हा ६ टक्क्यांचा हिशोब झाला.

आता भाऊंची पाच वर्षांची आरडी या मापाने मोजा: ७१,३६६ भागिले १७० केलं की महिन्याची पेन्शन निघते. उत्तर आलं चारशे वीस. गल्ल्यावर हशा पिकला, आणि खरं सांगते, सगळ्या बोलण्यातला तोच आकडा भाऊंच्या लक्षात राहिला.

याला जोडून महागाईचं बोलावंच लागतं, आणि ते टाळून कुठलीही योजना गळ्यात मारणाऱ्यापासून सावध राहावं. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर २२ वर्षांनी मिळणाऱ्या ५,००० रुपयांत आजचा सुमारे १,७०० रुपयांचाच माल येईल. दुकानदाराला हे वेगळं समजवावं लागत नाही. शेंगदाणा तेलाचा डबा त्याने पहिल्यांदा कितीला विकला होता, एवढं विचारलं की तो स्वतःच हिशोब सांगायला लागतो. हमीची पेन्शन रुपयांची हमी देते, त्या रुपयांत काय येईल याची देत नाही. म्हणून "५,००० चं झालं की सुटलो" असं कुणाला वाटू देऊ नका.

३८ व्या वर्षी काय करता येतं

अटल पेन्शन योजना २०१५ पासून चालू आहे. १८ ते ४० वयात उघडता येते, साठीपासून १,००० ते ५,००० पैकी निवडलेली पेन्शन मिळते आणि किमान एवढी मिळेल याची हमी केंद्र सरकारची आहे. नवऱ्यामागे बायकोला तीच पूर्ण पेन्शन मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला यात नव्याने शिरता येत नाही. दुकानदारांचा इथे गोंधळ होतो, कारण कर्जासाठी म्हणून अनेक जण रिटर्न भरतात. नुसतं रिटर्न भरणं वेगळं आणि कर लागू होणं वेगळं, तेव्हा ज्याच्याकडून रिटर्न भरून घेता त्यालाच आधी विचारा.

३८ व्या वर्षी ५,००० च्या पेन्शनसाठी महिन्याला १,१९६ रुपये पडतात. ३९ व्या वर्षी तेच १,३१८ होतात. "दिवाळीनंतर बघू" म्हणत वाढदिवस ओलांडला तर १२२ रुपये जास्त, तेही साठीपर्यंत दर महिन्याला. आणि चाळिशी ओलांडली की दार बंद. वहिनी ३४ च्या, त्यांना ८२४ रुपये. दोघांचे मिळून २,०२०. आरडीचे हजार भाऊ भरत होतेच, त्याशिवाय हे २,०२० वेगळे काढायचे होते.

मी आरडी तोडायला सांगितलं नाही. ती दुकानासाठी राहू दिली, म्हणजे माल भरायची वेळ आली की पेन्शनच्या खात्याकडे नजर जात नाही. पाच वर्षांच्या गरजांना आरडी आणि साठीनंतरच्या गरजांना वेगळं खातं, हे दोन कप्पे वेगळे पडले की अर्धं काम झालं.

आणखी एक योजना खास छोट्या व्यापाऱ्यांसाठी आहे, २०१९ ची प्रधानमंत्री लघु व्यापारी मानधन योजना. वार्षिक उलाढाल दीड कोटीच्या आत, वय १८ ते ४०, आयकर भरत नसावा. साठीनंतर महिन्याला ३,०००. ३८ व्या वर्षी हप्ता १८० रुपये, तेवढीच भर सरकारची. बायकोला पुढे निम्मी पेन्शन मिळते, पण दोघांनंतर मुलांना काही उरत नाही. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. हेलपाटा मारण्याआधी केंद्रवाल्याकडून खात्री करून घ्या की नोंदणी घेतली जातेय.

आता राहिली तूट. अटल पेन्शनची कमाल मर्यादाच ५,००० आहे, त्यामुळे वरचं स्वतः जमवायचं. खान्देशातल्या दुकानाची आवक महिन्याची नसते, हंगामाची असते. पावसाळ्यात वहीत उधारी चढते आणि कापूस विकला गेला की वसुली होते. अशा माणसाला दरमहा मोठा हप्ता बांधून दिला की तो तुटतो. त्यासाठी मी पीपीएफ सुचवते. वर्षात कधीही, ५०० पासून दीड लाखापर्यंत जमेल तसं भरता येतं, मुदत १५ वर्षं, पुढे ५-५ वर्षं वाढवता येते, सध्या व्याज ७.१ टक्के. शिवाय व्यापारात देणं थकलं तर कोर्टाच्या हुकमाने पीपीएफवर जप्ती येत नाही, हे दुकानदाराला कुणी सांगत नाही.

भाऊंनी कापसाच्या वसुलीतून वर्षाला २०,००० टाकायचं ठरवलं. आजचा दर कायम धरला तर २० वर्षांत सुमारे ८ लाख ८८ हजार होतात, पुढची दोन वर्षं नुसते पडू दिले तर साठीला १० लाखांच्या थोडे वर. दोन लाखांना हजार या मापाने महिन्याची ५,००० ची अ‍ॅन्युइटी. भाऊंचे अटलचे ५,००० आणि हे ५,००० असे साठीला १०,०००, आणि वहिनी साठीच्या झाल्या की, म्हणजे भाऊ ६४ चे असताना, त्यांचे ५,००० मिळून १५,०००. त्या वेळच्या १५,००० म्हणजे आजचे सव्वाचार हजार. राजेशाही नाही, पण किराणा, वीजबिल आणि बीपीच्या गोळ्या यांची सोय होईल, आणि ती भाऊ ८८ चे झाले तरी बंद पडणार नाही.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते खात्यात शिल्लक नसल्याने. अटल पेन्शनचा हप्ता बचत खात्यातून आपोआप कापला जातो. दुकानदाराचा पैसा गल्ल्यात असतो किंवा चालू खात्यात, बचत खात्यात दोनशे रुपये पडलेले असतात. हप्ता कापला जात नाही, उशिराचं शुल्क लागतं, आणि माणसाला वाटतं आपली पेन्शन चालू आहे. ओळखायची खूण सोपी: दर तिमाहीला पासबुक छापून घ्या आणि हप्त्याची ओळ शोधा. ओळ नाही म्हणजे हप्ता गेलेला नाही. हप्ता मासिक, तिमाही किंवा सहामाही ठेवता येतो. आवक हंगामी असेल तर सहामाही लावून घ्या आणि वसुली झाली की त्याच दिवशी रक्कम बचत खात्यात टाका.

दुसरं, अटल पेन्शनकडे आरडीसारखं बघणं. साठीआधी स्वतःहून बाहेर पडलात तर तुम्ही भरलेले पैसे आणि त्यावर प्रत्यक्ष मिळालेलं व्याज, शुल्क वजा करून, एवढंच परत येतं. पेन्शनची हमी तिथेच संपते. हप्ता झेपत नसेल तर मोडू नका, पेन्शनची रक्कम कमी करून घ्या. वर्षातून एकदा ती वाढवता-घटवता येते.

तिसरं नावाच्या मोहाचं आहे. पतसंस्था आणि काही कंपन्या "पेन्शन ठेव", "आजीवन मासिक प्राप्ती" अशा नावाने ठेवी घेतात. जळगाव-धुळ्याकडच्या लोकांना पतसंस्थेत अडकलेला पैसा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, माणशी ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. कुणी पेन्शन म्हणून काही पुढे केलं की कागदावर तीन गोष्टी शोधा: पैसे देणारा कोण, सरकार की विमा नियामकाकडे नोंदलेली आयुर्विमा कंपनी, रक्कम "आयुष्यभर" असं लिहिलंय की ठरावीक वर्षं, आणि एकजण गेल्यावर जोडीदाराला किती. तिन्हीपैकी एकही उत्तर तोंडी मिळालं तर ती पेन्शन नाही, ती ठेव आहे.

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, हिच्याबद्दलही लोक विचारतात. जमवण्याच्या काळासाठी ती चांगली आहे, पण तिथला परतावा बाजारावर अवलंबून असतो. हमी मिळते ती शेवटी त्यातल्या पैशांची अ‍ॅन्युइटी घेतल्यावर. "एनपीएस म्हणजे हमीची पेन्शन" असं म्हणणाऱ्याला इथेच थांबवा.

चाळिशी ओलांडलेला दुकानदार

वय ५० चं आहे आणि हातात फक्त आरडी आहे, असे अनेक जण भेटतात. त्यांना अटल पेन्शन बंद आहे, त्यामुळे रस्ता एकच: साठीपर्यंत जमवा आणि साठीला ठरावीक भागाची अ‍ॅन्युइटी घ्या. आरडी इथे उपयोगी पडते, फक्त मुदत संपल्यावर आलेली रक्कम त्याच आठवड्यात पीपीएफमध्ये गेली पाहिजे. ती घरी रात्रभर राहिली तरी तिला पाय फुटतात. पीपीएफ ५० व्या वर्षी सुरू केलं तर ६५ ला पिकतं, तेव्हा पेन्शनही साठीऐवजी ६५ ला धरावी. दुकान तोवर चालवायचंच असतं, आणि वय वाढल्यावर घेतलेल्या अ‍ॅन्युइटीचा दरही साधारणपणे चढा असतो.

साठी झाली की ज्येष्ठ नागरिक बचत योजना मिळते, सध्या ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी व्याज, कमाल ३० लाख. दर छान आहे, पण मुदत ५ वर्षं, पुढे ३ वर्षं वाढते ती त्या वेळच्या दराने. ही आयुष्यभराची हमी नाही. माझ्या मते किराणा आणि औषधाचा जो खर्च कधीच थांबणार नाही तेवढ्याची अ‍ॅन्युइटी घ्यावी, आणि उरलेलं या योजनेत ठेवावं, म्हणजे दवाखान्याची मोठी वेळ आली तर हाताशी राहतं. सगळंच अ‍ॅन्युइटीत घातलं तर अडीनडीला काढता येत नाही, किंवा काही प्रकारांतच, तोटा सोसून काढता येतं.

अ‍ॅन्युइटी घेताना एलआयसीची जीवन अक्षय-७ (किमान १ लाख) आणि आणखी दोन कंपन्यांचे आकडे एकाच दिवशी, एकाच वयाला, एकाच प्रकाराला मागवा. प्रकार "संयुक्त" घ्या, म्हणजे दोघांपैकी एकजण असेपर्यंत रक्कम चालू राहील. एकट्याच्या नावाची घेतली तर दरमहा थोडे जास्त मिळतात आणि एजंट तोच आकडा पुढे करतो. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत नापसंत म्हणून परत करता येते, त्यानंतर प्रकार बदलत नाही. म्हणून त्या ३० दिवसांत पहिल्या पानावर दोन्ही नावं आहेत ना, आणि बायकोपुढे १०० टक्के लिहिलंय की ५०, हे वहिनींनाच मोठ्याने वाचायला लावा.